बिननावाचा एचटीपी: फोटोवरून पंप ओळखायच्या नोंदी

३० एप्रिल

काल रात्री शाबाकाकांचा फोन आला, "अरे, होंडाचा पंप प्रेशर घेत नाही, मिरगाच्या आधी फवारणी व्हायला हवी, पार्ट कुठे मिळतील ते बघ." मी म्हटलं फोटो पाठवा. आला एक फोटो. गोठ्यात काळोख, मागे सुपारीच्या गोणी, मधोमध लाल-पांढरं इंजिन चकचकीत दिसतंय आणि ज्याचे पार्ट पाहिजेत तो पंप कोपऱ्यात अर्धा कापलेला.

वही आजपासून सुरू करतो. वाड्यावर कुळागरवाले, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागा असलेले, बरेच आहेत, प्रत्येकाकडे एकतरी पंप आणि दोघातिघांकडे टिलर, आणि दर वर्षी मे महिन्यात सगळ्यांचं एकच रडगाणं, पार्ट मिळत नाही. दुकानात गेलं की पहिला प्रश्न "कंपनी कुठली?" आणि कंपनीचा स्टिकर तर दोन पावसाळ्यांतच गेलेला असतो. तेव्हा एकेक मशीन फोटोवरून ओळखून, मापं काढून वहीत लिहून ठेवायचं असं ठरवलंय. पहिला नंबर काकांचा.

आधी एक घोळ सोडवतो, कारण तो फक्त काकांचा नाही. "होंडाचा पंप" म्हणजे पंप होंडाचा नाही. एचटीपी म्हणतात त्या फवारणीच्या सेटमध्ये एका लोखंडी फ्रेमवर दोन वेगळी मशिनं बसवलेली असतात, इंजिन एकाचं आणि पंप दुसऱ्याचा, मध्ये बेल्ट. काही सेटमध्ये इंजिनाच्या जागी करंटची मोटर. सेट जोडणारा तिसराच असतो आणि स्टिकर तो स्वतःचा लावतो. आता काका दुकानात जाऊन "होंडाच्या पंपाचं पॅकिंग द्या" म्हणाले तर दुकानदार त्यांना पाणी ओढायच्या दोन इंची पंपाचं सील काढून देणार, आणि त्यात दुकानदाराची चूक काय? इंजिनाचं ठीक आहे, त्याचा नंबर क्रँककेसवर ठोकलेला असतो, जीएक्स १६० म्हटलं की पार्ट कुठेही मिळतो. पंपाचं तसं नाही.

१ मे

सुट्टी होती म्हणून काकांच्या नातीला, चैत्रालीला, फोन करून फोटो कसे काढायचे ते सांगितलं. अकरावीत आहे, काकांपेक्षा भराभर समजतं तिला. सांगितलेलं इथे लिहून ठेवतो कारण पुढच्यांनाही हेच सांगायचंय.

पंप गोठ्यातून बाहेर काढ पण उन्हात नको, सावलीत ठेव, उन्हात ॲल्युमिनियम चमकतं आणि अक्षरं मरतात. चारी बाजूंनी एकेक फोटो, वरून एक, आणि शक्य असेल तर फ्रेम आडवी करून खालून एक. अगदी जवळ जाऊन काढू नको, दीड-दोन मीटर लांब उभी राहा आणि झूम कर, जवळून काढला की पुढचा भाग उगाच मोठा दिसतो आणि मापाला गोंधळ होतो. प्रत्येक फोटोत दहाचं नाणं ठेव. नाण्याचा व्यास २७ मिमी, तो ठरलेला असतो, त्यामुळे फोटोतली बाकीची मापं त्याच्याशी ताडून काढता येतात.

तिने विचारलं, "काका, पंपावर सगळा पांढरा चुना बसलाय, खरवडून काढू का?" म्हटलं अजिबात नको, आणि तारेचा ब्रश तर बघूही नको. बोर्डोचा, म्हणजे मोरचूद-चुन्याच्या फवारणीचा, चुना दगडासारखा बसलेला असतो, खरवडला की त्याच्याबरोबर प्लेटवरची अक्षरंही जातात. घरात माडाचं विनागर असतंच, त्यात फडकं भिजवून पाचेक मिनिटं चुन्यावर ठेव, फसफसेल, मग जुन्या दातांच्या ब्रशने हळू घास आणि लगेच साध्या पाण्याने धू. विनागर ॲल्युमिनियमवर तासन्‌तास ठेवायचं नाही.

आणि ओतीव अक्षरं वाचायची असली तर फ्लॅश समोरून मारायचा नाही. संध्याकाळी दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च अगदी बाजूने, पंपाच्या अंगाला लागून धरायचा म्हणजे उठावाची सावली पडते आणि पुसट आकडाही दिसतो. तरी नाही दिसला तर वहीचा पातळ कागद वर ठेवून पेन्सिल आडवी घासायची, लहानपणी नाण्यांचे छाप काढायचो तसं.

२ मे

अकरा फोटो आले. हुशार पोर, काकांच्या चष्म्याचं घरही एका फोटोत आलंय पण चालेल.

काय दिसलं ते लिहितो. पंप आडवा, तीन सिलिंडरचा, म्हणजे ट्रिपलेक्स प्लंजर पंप. पुढे बिडाचा मॅनिफोल्ड, त्यावर तीन मोठे षटकोनी बूच ओळीत, त्याखाली व्हाल्व असतात. एका टोकाला काळा घुमट, तो एअर चेंबर, प्लंजर धक्क्याधक्क्याने पाणी ढकलतात ते धक्के त्यातली हवा झेलते. त्याच्या बाजूला लिव्हरवाला प्रेशर रेग्युलेटर आणि गेज. मागे क्रँककेस, त्याला तेल बघायची गोल काच. आणि सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे वर तीन पितळी ग्रीस कप. ग्रीस कप आहेत म्हणजे बहुतेक आत व्ही-पॅकिंगवाला पंप, प्लंजर धातूचा किंवा चिनी मातीचा आणि पॅकिंग एका जागी बसलेलं. काही पंपांत उलट असतं, रबरी वाटी पिस्टनवरच बसवलेली असते आणि ती सिलिंडरात मागेपुढे धावते. त्याचा सेट वेगळा, याचा वेगळा, आणि बाहेरून दोन्ही पंप भाऊ-भाऊ वाटतात.

नावाची प्लेट नाही. जिथे असायला हवी तिथे रिव्हेटची दोन भोकं आहेत. स्टिकरच्या जागी डिंकाचा चौकोनी डाग. क्रँककेसच्या बाजूला टॉर्चच्या सावलीत दोन गोष्टी उठून आल्या, फिरायची दिशा दाखवणारा बाण आणि "३०" हा आकडा.

फोटो सर्च मारून बघितला. एकाच आकाराचे पंप निरनिराळ्या नावांनी, कुठे लाल कुठे निळा कुठे सोनेरी रंग, पण बुचं तीच, घुमट तोच, रेग्युलेटरचा लिव्हरही तसाच. एकाच साच्यातले दिसतात, ज्याने आणला त्याने आपला रंग आणि स्टिकर लावला. म्हणजे आता यातली "खरी" कंपनी शोधत बसण्यात काही अर्थ नाही असं मला वाटायला लागलंय, पंप कुठल्या कुळीचा आणि किती नंबरचा ते कळलं तर बस. हे पंप २२, ३० अशा नंबरांनी विकले जातात आणि तो नंबर बहुतेक वेळा प्लंजरच्या जाडीचा असतो, मिमीमध्ये.

आणि आपल्याला तर आकडा मिळालाच आहे, ३०. ऑनलाइन ३० नंबरचा पॅकिंग सेट ऑर्डर केला, ६४० रुपये.

४ मे

काकांना म्हटलं होतं घरात बिल शोधा, सबसिडीला कागद दिले असतील तर झेरॉक्स असेलच. आज मिळालं. बिलावर लिहिलंय "स्प्रेअर विथ इंजिन, १ नग". एवढंच. इंजिनाचा नंबर आहे, पंपाचं नाव नाही, नंबर नाही. दुकानदाराने कशाला लिहावं म्हणा. यापुढे कोणी नवीन मशीन घेतलं की त्याच दिवशी प्लेटचा फोटो काढून ठेवायचा, हे वाड्यावरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. तिघांनी अंगठा दाखवला, एकाने गणपतीचा फोटो पाठवला.

५ मे

नाण्यावरून माप काढायचा प्रयोग. बाजूच्या फोटोत पंपाच्या पायाची दोन बोल्टांची भोकं आणि दहाचं नाणं तिन्ही दिसतात. मोबाईलमध्ये फोटो मोठा करून मोजलं तर नाण्याची रुंदी २१६ पिक्सेल भरली. २७ मिमीला २१६, म्हणजे १ मिमीला ८ पिक्सेल. भोकाच्या मध्यापासून दुसऱ्या भोकाच्या मध्यापर्यंत १०४० पिक्सेल, भागिले ८, म्हणजे १३० मिमी.

चैत्रालीला टेप लावून बघायला सांगितलं. १३६ मिमी. सहा मिमीचा फरक कुठून आला म्हणून परत फोटो बघितला तर तिने नाणं पायाजवळ न ठेवता क्रँककेसच्या उंचवट्यावर ठेवलेलं, आणि फोटो काढलाय हातभर अंतरावरूनच. नाणं कॅमेऱ्याला दोनेक सेंटीमीटर जवळ आलं म्हणून मोठं दिसलं, आणि नाणं मोठं दिसलं की हिशोबात बाकी सगळं लहान होतं. मोबाईल अर्ध्या मीटरवर असताना दोन-सव्वादोन सेंटीमीटर जवळ म्हणजे चारेक टक्क्यांची चूक, आणि १३६ चे चार टक्के साधारण साडेपाच, जमतंय गणित.

तेव्हा नियम असा: जे मोजायचं त्याच पातळीत, त्याला टेकूनच नाणं ठेवायचं आणि लांबून झूम करून फोटो घ्यायचा. तरीही या मापावर फक्त पंपाची कूळ ठरवावी, फ्रेमवर बसेल का ते बघावं. सीलसाठी अर्ध्या मिमीचा फरकही चालत नाही, ते फोटोतून निघणार नाही.

८ मे

पार्सल आलं, तसाच काकांकडे गेलो. पंप सुरू करून आधी बघितलं. लिव्हर दाबला तर गेजचा काटा १० च्या वर जाईना आणि थरथरत होता. खाली सिलिंडर आणि क्रँककेसच्या मधल्या फटीतून प्रत्येक फेऱ्याला पाण्याची पिचकारी. हे दोन वेगळे रोग आहेत, लोक एक समजतात. खालून पाणी म्हणजे पॅकिंग गेलं. काटा थरथरतो आणि होज झटके मारतो म्हणजे व्हाल्व नीट बसत नाही, किंवा सक्शनच्या नळीतून हवा येतेय, किंवा एअर चेंबर निकामी. हवा येतेय का ते ओळखायचं सोपं आहे, परतीची नळी बादलीत बुडवून बघायची, बुडबुडे येत असले तर सक्शनचे क्लिप आवळा. इथे बुडबुडे नव्हते.

तेलाच्या काचेत बघितलं, तेल काळं पण दुधाळ नाही. बरं झालं. दुधाळ असतं तर पाणी आतल्या ऑइल सीलमधून क्रँककेसमध्ये गेलं असं समजायचं, मग काम वाढतं.

मॅनिफोल्ड खोलला. आणि माझी ६४० रुपयांची अक्कल उघडी पडली. आणलेलं पॅकिंग प्लंजरवर ठेवलं तर आत बोट जाईल एवढं सैल. व्हर्नियर लावला, प्लंजर २५ मिमी. परत लावला, २५. मग ते "३०" काय? ओतकामाच्या साच्याचा नंबर असणार, मॉडेलचा नाही. ओतीव भागावर असे आकडे असतातच, साचा कुठला, भाग कुठला ते कारखान्याला कळावं म्हणून, आणि मी मात्र आकडा दिसला की पाहिजे तो अर्थ लावून मोकळा झालो. काका काही बोलले नाहीत, फक्त चहा आणायला सांगितला. ते जास्त लागलं.

आता नीट मोजलं. जुनं पॅकिंग मोजायचं नाही, ते झिजलेलं आणि फुगलेलं असतं, खोटं माप देतं. धातू मोजायचा. प्लंजर २५, पॅकिंग बसतं त्या खोबणीचा व्यास ३७. फरक १२, त्याचे दोन भाग केले की पॅकिंगची जाडी ६ मिमी. खोबणीची खोली पण मोजली आणि जुन्या पॅकिंगच्या किती रिंगा निघाल्या ते पण लिहिलं, एका सिलिंडरला तीन.

आणखी एक गंमत. तीन प्लंजरपैकी दोन पांढरे, चिनी मातीचे, आणि तिसरा स्टीलचा. आधी कोणीतरी एक बदललाय. काकांना आठवतच नाही, मग म्हणाले, "हां, तो दोडामार्गचा मिस्त्री आला होता एकदा." म्हणजे पंप एका कुळीचा, इंजिन दुसऱ्याचं आणि पोटात तिसऱ्याचा प्लंजर. अशा मशीनला एका कंपनीचं नाव देऊन करणार काय? तिन्ही प्लंजर वेगवेगळे मोजले, सुदैवाने तिन्ही २५ निघाले. पण स्टीलच्यावर नखाला लागेल असा उभा ओरखडा आहे, नवीन पॅकिंग तो लवकर खाणार.

व्हाल्वखाली चुन्याचे खडे सापडले, दोन ठिकाणी. काट्याची थरथर तिथली.

१० मे

साखळीला गेलो, पहिल्या दुकानात तोच प्रश्न, कंपनी कुठली. म्हटलं कंपनी नाही, माप आहे, २५ बाय ३७. "तसं माप-बिप आम्ही ठेवत नाही, कंपनी सांगा." निघालो.

म्हापशाला दुसऱ्या दुकानात वेगळी पद्धत वापरली. काही बोललोच नाही, प्लंजर फडक्यातून काढून काउंटरवर ठेवला, बाजूला जुन्या पॅकिंगची रिंग, आणि मोबाईलवर खोललेल्या मॅनिफोल्डचा फोटो. मालक वयस्कर माणूस, चष्मा वर करून प्लंजर बोटांत फिरवला, आत गेला आणि तीन वेगवेगळ्या डब्यांतून तीन पाकिटं घेऊन आला, तीन वेगळ्या ब्रँडची. तिन्हीतलं पॅकिंग काउंटरवरच लावून बघितलं. दोन बरोबर बसली, तिसरं बाहेरून जास्त जाड. दोन बसणाऱ्यांतलं स्वस्त घेतलं नाही, जास्त लवचिक होतं ते घेतलं. व्हाल्वचा सेटही मिळाला, सीट, चकती, स्प्रिंग आणि पिंजरा, तोही नमुना दाखवूनच.

निघताना मालक म्हणाला, "लोक फोन करून विचारतात, लाल पंपाचं पॅकिंग आहे का. लाल पंप!"

स्टीलच्या प्लंजरच्या जागी मातीचा मिळाला नाही. बेळगावला मिळेल म्हणतात. चोर्लाच्या घाटातून एका प्लंजरसाठी कोण जातो, कोणी जाणारं भेटलं की नमुना देऊन बघू.

१३ मे

मधेच पेडण्याहून मावसभावाचा फोन. जुना ट्रॅक्टर घेतलाय, निळा, रोटाव्हेटर कुठल्या कंपनीचा लागेल ते फोटो बघून सांग. फोटोत रंग ताजा, इतका ताजा की रबरी पायपांवर आणि गेजच्या काचेच्या कडेलाही निळा रंग. म्हणजे पूर्ण फवारून विकलाय, रंगावरून कंपनी ठरवणं बंद. त्याला सांगितलं इंजिनाच्या ब्लॉकवरचा ठोकलेला नंबर आणि चासी नंबर बघ, आरसीशी जुळव, कंपनी-मॉडेल त्यातून कळेल, इंजिनाच्या पार्टला ते लागेलच.

पण रोटाव्हेटरला कंपनी लागत नाही. त्यासाठी मागून दोन फोटो मागवले. एक पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजार फिरवणाऱ्या, दांड्याचा, त्यावरचे दात मोजायला. सहा दात आणि जाडी साधारण ३५ मिमी, म्हणजे नेहमीचा ५४० फेऱ्यांचा पीटीओ. दुसरा खालच्या दोन लिंकांच्या टोकांचा, नाण्यासकट. पिनचं भोक २२ मिमीचं म्हणजे कॅटेगरी एक, २८ चं म्हणजे कॅटेगरी दोन. दहाचं नाणं २७ चं, तेव्हा फोटोचीही गरज नाही, नाणं भोकातून पार झालं तर दोन, अडकलं तर एक. त्याचं अडकलं. कॅटेगरी एक. वरच्या लिंकची पिन मग १९ ची. आता बाकी राहिलं एचपी, ते आरसीच्या मॉडेलवरून बघून रोटाव्हेटरची रुंदी ठरव म्हटलं. दहा मिनिटांत संपलं हे काम, पंपाने मात्र पंधरा दिवस खाल्ले.

१७ मे

काकांचा पंप जोडला. पॅकिंग बसवताना व्हीचं तोंड पाण्याच्या बाजूला, प्रेशर आलं की ओठ पसरून प्लंजरला घट्ट धरतात. उलटं बसवलं की नवीन पॅकिंगही पहिल्या मिनिटापासून गळतं आणि मग माणूस दुकानदाराला शिव्या देतो. आधी जुनं खोलताना चैत्रालीने प्रत्येक टप्प्याला फोटो काढलेले, तेच बघून उलट क्रमाने जोडलं. प्लंजरला ग्रीस लावलं, ग्रीस कप भरले, क्रँककेसचं तेल बदललं.

रेग्युलेटर पूर्ण सैल ठेवून इंजिन सुरू केलं, पाणी परतीच्या नळीतून मोकळं फिरू दिलं, मग लिव्हर पाडून हळूहळू आवळलं. काटा २५ वर जाऊन स्थिर. खालून थेंब नाही. स्टीलच्या प्लंजरखाली दहा मिनिटांनी ओल आली, तेवढी अपेक्षाच होती.

काकांना गन पण नवीन पाहिजे, लांब फेकणारी. पोफळी आता उंच झाल्यात आणि झाडावर चढणारा पाडेली मिळत नाही, मिळाला तर चार दिवसांनी येतो म्हणतो आणि येत नाही. पुन्हा तोच प्रश्न, कुठल्या कंपनीची गन बसेल? डिलिव्हरी कॉकच्या आट्या मोजल्या. बाहेरून व्हर्नियरला जवळपास २१ मिमी, आणि फोटोत नाणं धरून मोजलं तर १३ मिमीमध्ये सात आट्या, म्हणजे इंचाला १४. ही अर्धा इंची बीएसपी, म्हणजे पायपाच्या आट्यांचं ठरलेलं ब्रिटिश माप. अर्धा इंची म्हणून कोणी १२.७ शोधत बसला तर आयुष्यभर मिळायची नाही, पायपाच्या आट्यांचं नाव आतल्या भोकावरून पडलेलं, बाहेरून ती २१ च भरते. आट्या फोटोतून मोजता येतात ही चांगली गोष्ट, फक्त फोटो अगदी बाजूने काढायला हवा, तिरका नको. काकांच्या जुन्या होजचं आतलं माप साडेआठ मिमी, ते होजवरच छापलेलं सापडलं. गनला साडेआठचं होज टेल आणि कॉकला अर्ध्या इंचाचा नट, एवढंच कागदावर लिहून दिलं.

३० मे

आज फवारणी. एक टक्का बोर्डो, १०० लिटरला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना, दोन्ही वेगवेगळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये पन्नास-पन्नास लिटर पाण्यात, मग मोरचुदाचं पाणी चुन्यात ओतत ढवळायचं. काकांनी कोयत्याचं पातं बुडवून बघितलं, तांबूस थर आला तर मोरचूद जास्त, आणखी चुना घालायचा. आला नाही.

मी फक्त चुना गाळायच्या मागे लागलो होतो. व्हाल्वखाली सापडलेले खडे न विझलेल्या, न गाळलेल्या चुन्याचेच होते. जुन्या लुगड्याच्या दुहेरी कापडातून गाळला, फुट व्हाल्वची जाळी दर ड्रमला धुतली. प्रेशर दुपारपर्यंत टिकलं, घोसांपर्यंत तुषार व्यवस्थित पोचले, खाली उभ्या असलेल्या आमच्यावरही पोचले. शेवटी वीस मिनिटं साधं पाणी फिरवून पंप धुतला, गनमधूनही आणि परतीच्या नळीतूनही. काका म्हणाले, "एवढं कशाला, पाच मिनिटं पुरे." म्हटलं मागच्या वर्षी पाचच मिनिटं धुतला होता ना?

दुसरी फवारणी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, पावसाने उघडीप दिली तर.

२ जून

फ्रेमला पांढऱ्या ऑइल पेंटने लिहून टाकलं, स्टिकर जातो, ऑइल पेंट दोन-तीन वर्षं टिकेल: प्लंजर २५, खोबण ३७, रिंगा ३ गुणिले ३, पाया १३६, कॉक अर्धा बीएसपी, होज साडेआठ. खाली इंजिन वेगळं, जीएक्स १६०. तोच मजकूर वहीत, आणि अकरा फोटोंतले चार कामाचे चैत्रालीने ग्रुपवर टाकले.

संध्याकाळी वरच्या वाड्यावरचा एक जण ते बघून आला, त्याचाही पंप प्रेशर घेत नाही. फोटो दाखवला. निळा रंग, दुसऱ्याच नावाचा स्टिकर, शाबूत. बुचं, घुमट, लिव्हर सगळं काकांच्या पंपासारखं. क्रँककेसवर बाण, आणि आकडा "३०". पॅकिंग मागवू का म्हणून विचारत होता. म्हटलं थांब, आधी खोल आणि प्लंजर घेऊन ये, माझ्याकडे ३० चा एक सेट पडलाय तो तुला बसला तर माझे ६४० वसूल.

५ जून

खोलून आणला. २५. माझा सेट अजून कपाटात आहे. बेळगावला जाणारा माणूस मिळालाय, त्याच्याकडे काकांचा स्टीलचा प्लंजर द्यायला पाहिजे, पण तो काढायचा म्हणजे पंप परत खोलायला लागेल, तेव्हा त्याच्याऐवजी याच निळ्या पंपाचा मातीचा प्लंजर नमुना म्हणून पाठवतोय, एकाच कुळीचे आहेत. लांबी १ मिमीने तरी वेगळी आहे का तेवढं उद्या सकाळी मोजून मगच देतो.